डोळा लागला की डोळे लागले?

‘बाई, मी ऐरोलीत राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या प्रश्नपत्रिकांचे फोटो येतात. ठाण्याला जाता-येता ते मी गाडीत सोडवते. म्हणी आणि वाक्प्रचारांचे अर्थ माझे पाठ आहेत, तरी गुण नेमके त्याच प्रश्नांत जातात. दोन पर्याय बरोबर वाटतात आणि शेवटी मी शब्दांकडे बघून एक निवडते. फोटो बरेचदा अंधूक असतात ते वेगळंच. अजून पाठांतर करू की दुसरं काही?’
– एक वाचक, ऐरोली

पाठांतर आहे तेवढं पुरे. यादीत ‘पोटात घालणे म्हणजे क्षमा करणे’ एवढंच छापलेलं असतं. प्रश्नपत्रिकेत तोच वाक्प्रचार कोणीतरी कोणाच्या तरी बाबतीत, काहीतरी घडल्यावर वापरलेला असतो, आणि पर्याय काढणारा त्या घडण्याचाच उपयोग करून घेतो. म्हणून आधी एक प्रश्न नीट सोडवून पाहू. हा मी तुझ्यासाठी रचला आहे, पण धाटणी अशाच पेपरांची आहे.

‘महेशने सगळ्या घरासमोर चूक कबूल केली, तेव्हा काकांनी त्याचा अपराध पोटात घातला.’ यातल्या ‘पोटात घालणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगायचा आहे. पर्याय असे: (१) गुपित ठेवणे, (२) क्षमा करणे, (३) अपमान गिळणे, (४) भरपूर खाणे.

चौथा पर्याय तू घेणार नाहीस. तू म्हणतेस तसा ‘शब्दांकडे बघून’ निवडलेला पर्याय इतका उघडा नसतोच. खरा सापळा पहिल्या पर्यायात आहे. मराठीत ‘पोटात ठेवणे’ असंही आपण म्हणतो आणि त्याचा अर्थ गुप्त राखणे असाच होतो. ‘सांगितलेलं पोटात ठेव’ हे तू घरी ऐकलं असशील. ‘पोटात शिरणे’ म्हणजे गोड बोलून मर्जी मिळवणे. तिन्ही ठिकाणी पोट तेच आहे आणि अर्थ तीन वेगळे आहेत, कारण अर्थ क्रियापदाने ठरतो. घाईत वाचणारी नजर ‘पोटात’वर थांबते, तिला त्यापुढचं ‘घातला’ दिसत नाही, आणि ओळखीचा म्हणून ‘गुपित’ निवडला जातो. त्यामुळे वाक्प्रचार वाचताना शेवटचं क्रियापद आधी वाचायची सवय लाव.

आता समज, परीक्षेत तुला अर्थ आठवतच नाही. तरीही हे वाक्य उत्तर देतं. काय पोटात घातलं, तर अपराध. कोणाचा, तर महेशचा. कोणी, तर काकांनी. केव्हा, तर त्याने चूक कबूल केल्यावर. तिसऱ्या पर्यायाला लागणारा अपमान या वाक्यात कुठेच नाही. काकांना कोणी बोललेलं नाही, त्यामुळे गिळायला काही उरत नाही. पहिला पर्याय वाक्यात घालून पाहा: ‘काकांनी त्याचा अपराध गुपित ठेवला.’ व्याकरणाने हे वाक्य अगदी सरळ बसतं. अनेक क्लासमध्ये ‘पर्याय वाक्यात घालून बघा, वाचायला बरं वाटलं की तेच उत्तर’ असं शिकवतात. ते इथे दगा देतं. वाचायला बरं वाटणं पुरेसं नाही, वाक्यात आधी जे घडलं त्याच्याशी ते जुळायला हवं. महेशने कबुली ‘सगळ्या घरासमोर’ दिली. जे सगळ्यांनी ऐकलं ते गुपित कसं राहील? हे दोन शब्द पहिला पर्याय बाद करण्यासाठीच वाक्यात आहेत. राहतो दुसरा.

वाक्य थोडं बदलून बघ: ‘महेशने एकट्या काकांपाशी चूक कबूल केली आणि काकांनी ती अखेरपर्यंत पोटात ठेवली.’ आता उत्तर ‘गुपित ठेवणे’. क्रियापद बदललं आणि त्याबरोबर प्रसंगही बदलला. चांगल्या प्रश्नात हे दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात. दुजोरा मिळाला नाही तर आपण काहीतरी चुकीचं वाचलं आहे असं समजायचं.

चुकीचं वाचण्यावरूनच फोटोंकडे येते, कारण तुझे बरेच गुण तिथे जात असणार असं मला वाटतं. देवनागरीत वाक्प्रचाराचा अर्थ कित्येकदा एका मात्रेवर असतो आणि अंधूक फोटोत सगळ्यात आधी मात्राच जाते. ‘डोळा लागणे’ म्हणजे झोप लागणे. ‘डोळे लागणे’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणे. फरक काना आणि मात्रेचा. पान दुमडलेलं असेल, ओळीवर मोबाइलची सावली पडली असेल, तर ‘ळ’च्या बाजूला काना आहे की डोक्यावर मात्रा, हे तुला दिसणार नाही. पर्यायांत ‘झोप लागणे’ आणि ‘आतुरतेने वाट पाहणे’ हे दोन्ही असतीलच.

अशा वेळी अंदाज करू नकोस, वाक्यातल्या बाकीच्या शब्दांना विचार. मराठीत नामाचं लिंग आणि वचन एकाच जागी राहत नाही. ते मागच्या ‘चा-ची-चे’मध्ये उतरतं आणि पुढच्या क्रियापदातही उतरतं. फोटोत ‘आईच_ डोळ_ दाराकडे लागल_ होत_’ असं काहीतरी दिसतं आहे असं धर. चार जागा अंधूक आहेत, पण चारही एकदम पुसल्या जाण्याची शक्यता कमी. एक जरी स्पष्ट दिसली तरी बाकीच्या तीन कळतात. ‘आईचे’मधली मात्रा दिसली, तर पुढे ‘डोळे लागले होते’ असंच असणार. शेवटचं ‘होता’ स्पष्ट असेल, तर ‘आईचा डोळा लागला होता’. आणि समजा काहीच दिसलं नाही, तरी ‘दाराकडे’ हा शब्द आहे. झोप दाराकडे लागत नाही. ‘कडे’ आला की नजर कुठेतरी वळलेली आहे, म्हणजे वाट पाहणं.

तिसरीही एक जोडी इथे येते. ‘त्याचा त्या जमिनीवर डोळा होता’ यात डोळा एकवचनी आहे, तरी झोपेचा संबंध नाही. अर्थ हाव असणे. ओळखायची खूण ‘वर’. म्हणून वाक्प्रचाराला कोणता प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटून येतं, हे अर्थाबरोबरच लक्षात ठेव. तुझ्या वहीत ‘डोळा लागणे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्याशेजारी एक छोटं वाक्य लिही: ‘पहाटे आजीचा डोळा लागला.’ खाली ‘आजीचे डोळे वाटेकडे लागले.’ त्याखाली ‘भाऊबंदांचा शेतावर डोळा होता.’ यादीपेक्षा ही तीन वाक्यं तुला जास्त उपयोगी पडतील.

प्रत्ययाचं बोलतेच आहे तर ‘पाणी’ही घेऊन टाकू. तुमच्या नवी मुंबईला मोरबे धरणातून पाणी सोडतात. यात वाक्प्रचार नाही, खरंच पाणी सोडतात. ‘त्याने वडिलांच्या घरावर पाणी सोडलं’ यात मात्र पाण्याचा थेंबही नाही, त्याने हक्क सोडला, आशा सोडली. ‘अवकाळी पावसाने शेतकऱ्याच्या मेहनतीवर पाणी पडलं’ म्हणजे मेहनत वाया गेली. शेवटची दोन वाक्यं पर्यायांत मुद्दाम एकमेकांसमोर ठेवतात, कारण दोन्हींत ‘वर’ आहे आणि दोन्हींत काहीतरी हातचं जातं. फरक असा की पाणी सोडणारा माणूस ते जाणूनबुजून सोडतो, त्यामुळे वाक्यात ‘त्याने’, ‘तिने’ असा कर्ता सापडतो. पाणी पडतं तेव्हा नुकसान होणाऱ्याच्या हातात काही नसतं. ‘त्याग करणे’ आणि ‘वाया जाणे’ यांत अडलीस तर ते कोणी मुद्दाम केलं का, एवढं बघ.

पाऊस आणि पाणी हे शब्द वाक्यात असतील तर अजून जपून वाच. वाक्यात खरा पाऊस आला म्हणून वाक्प्रचारातलं पाणी खरं होत नाही. प्रश्न काढणारे असा शेजार हौसेने लावतात.

म्हणींचं जरा वेगळं आहे. वाक्प्रचार वाक्यात मिसळून जातो आणि काळ-वचनाप्रमाणे बदलतो. म्हण स्वतःच पुरी असते, तिला ‘चा-चे’चा आधार नसतो. म्हणून म्हणींच्या प्रश्नात प्रसंग दिलेला असतो आणि चार म्हणींतून एक निवडायची असते. इथे तू अडखळतेस ते बहुतेक संकटाच्या म्हणींत. ‘दुष्काळात तेरावा महिना’, ‘आगीतून फुफाट्यात’ आणि ‘आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास’ या तिन्ही एकाच प्रश्नात आल्या, तर भले भले गोंधळतात. यादीत पहिल्या दोघींपुढे ‘संकटात संकट’ असंच काहीसं लिहिलेलं असतं.

त्यांच्यातला फरक पहिल्या संकटाचं पुढे काय झालं यात आहे. कळव्यातल्या एका माणसाची नोकरी गेली आणि त्याच आठवड्यात पावसाचं पाणी घरात शिरून सामान भिजलं. नोकरी अजून मिळालेली नाही, ते संकट तसंच आहे आणि वर दुसरं आलं. हा दुष्काळातला तेरावा महिना. दुसरा माणूस दिवा गावातली गळकी खोली सोडून गेला आणि नवीन जागी नळालाच पाणी येत नाही असं निघालं. गळतीतून तो सुटला खरा, पण पडला दुसऱ्या त्रासात. हे आगीतून फुफाट्यात. प्रसंगात ‘सोडून’, ‘सुटून’, ‘म्हणून बदललं’ असे शब्द असले तर फुफाटा. ‘त्यातच’, ‘भरीस भर’, ‘आधीच… आणि आता’ असले तर तेरावा महिना.

तिसरी म्हण शब्दांवरून वाचली तर पूर्ण उलटी कळते. ‘उल्हास’ दिसला की आनंद, ‘फाल्गुन’ दिसला की होळी, म्हणून ‘आनंदात आणखी आनंद’ हा पर्याय अनेक जण घेतात. म्हणीतला उल्हास उपरोधाने म्हटलेला आहे. मुळात अंगात उत्साह नाही, त्यात आळस करायला निमित्तही मिळालं, असा तिचा रोख. अभ्यासाचा कंटाळा असलेल्या मुलाची परीक्षा पुढे ढकलली गेली, तर ही म्हण लागू. इथे संकट कोणावर आलेलं नाही, उलट त्या मुलाला बरंच वाटलं असेल. म्हणून प्रसंगातल्या माणसाला त्रास झाला की सोय झाली, हे बघितलंस तर ही म्हण पहिल्या दोघींपासून लगेच वेगळी होते.

आता पुन्हा फोटोंकडे, कारण एक गोष्ट राहिली. प्रश्नाच्या सुरुवातीचा शब्द डाव्या कडेला असतो आणि फोटोत बहुधा तीच कड कापली जाते किंवा शिवणीत दबते. ‘खालीलपैकी अयोग्य जोडी ओळखा’ असा प्रश्न दोन ओळींत मोडलेला असेल आणि ‘अयोग्य’ दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आला असेल, तर त्यातला ‘अ’ कापला जाऊन तुला ‘योग्य जोडी ओळखा’ दिसेल. हे फोटो न तपासताही ओळखता येतं. पर्याय वाचताना तीन जोड्या बरोबर आणि एकच चूक वाटली, तर प्रश्न अयोग्य जोडीचा आहे. तू ‘दोन पर्याय बरोबर वाटतात’ लिहिलंस, त्यातले काही प्रश्न या जातीचे निघतील. जुने फोटो काढून एकदा बघ.

हीच तऱ्हा ‘हात’ आणि ‘दात’ यांची. कमी उजेडातल्या फोटोत ‘ह’ आणि ‘द’ सारखे दिसतात. ‘गावकऱ्यांनी चोराला चांगलाच हात दाखवला’ यात ‘चांगलाच’ आणि ‘दाखवला’ एकवचनी आहेत. दात एकटा कोणी दाखवत नाही, तिथे ‘दाखवले’ आलं असतं. म्हणजे शब्द हात आहे आणि अर्थ मार देणे, अद्दल घडवणे.

ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांना दोन विनंत्या कर. फोटो नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करतं आणि मात्रा विरघळतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ जसाच्या तसा येतो आणि मोठा करून वाचता येतो. दुसरं, पान खिडकीपाशी सपाट ठेवून, फ्लॅश न लावता, चारही कडा आणि वर छापलेलं प्रश्नपत्रिकेच्या संचाचं अक्षर दिसेल असा फोटो काढायचा. अधोरेखित शब्द विचारला असेल तर रेघ दिसते ना, तेही तिथल्या तिथे पाहायचं. कोणता शब्द अधोरेखित आहे हेच कळत नसेल, तर तो प्रश्न सोड आणि दुसरा घे. सरावात असा प्रश्न सोडवून काही हाती लागत नाही.

पेन्सिलने खुणा केलेले फोटो सोडवताना खूण बोटाने झाक. ती खूण परीक्षेत घाईत बसलेल्या कोणाची तरी आहे. उत्तर तपासायचं तर परीक्षा घेणाऱ्या विभागाची उत्तरतालिका घे, आणि ती घेताना संच जुळतो का बघ. एकाच परीक्षेचे ए, बी, सी, डी असे संच असले की प्रश्न आणि पर्यायांचा क्रम बदलतो. बी संचाची उत्तरं ए संचाला लावून ‘माझं चुकलं’ म्हणणारी मुलं दर वर्षी भेटतात. लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, तिच्यावर हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका काढतो. जुना पेपर सोडवताना अंतिम तालिकाच धर.

कधीकधी वाक्य तुझ्या बाजूचं आणि यादी विरुद्ध असंही होईल. ‘अंगाची लाहीलाही होणे’ याचा अर्थ बहुतेक पुस्तकांत ‘अतिशय संताप होणे’ असा देतात. पण ‘मे महिन्यात ठाणे स्थानकाच्या पुलावर अंगाची लाहीलाही होत होती’ असं वाक्य दिलं, तर तिथे राग कुणाचाच नाही, उन्हाचा दाह आहे. ‘उकाड्याने हैराण होणे’ असा पर्याय असेल तर तोच घे. वाक्य न देता नुसता वाक्प्रचार विचारला तर मात्र पुस्तकातला संतापच घे. तिथे वेगळं काही ठरवायला तुझ्याकडे आधारच नाही.

असे वाद ग्रुपवर निघाले की प्रत्येक जण आपल्या गाइडचं पान पाठवतो, आणि गाइडं एकमेकांवरून उतरवलेली असतात. ऐरोलीहून ठाणं तुला लांब नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे. तिथे किंवा तुझ्या जवळच्या मोठ्या वाचनालयात दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ माग. घरी नेता आला नाही तरी तिथे बसून पाहता येईल का, ते विचार. जाताना अडलेल्या वाक्प्रचारांची चिठ्ठी ने आणि प्रत्येकापुढे तो ज्या वाक्यात आला ते पुरं वाक्य लिहिलेलं असू दे, म्हणजे कोशातला कोणता अर्थ घ्यायचा हे तुला तिथेच ठरवता येईल.